हँडबॅगचे ‘हॅम्बॅग’ होते तेव्हा: बोलण्यातील इंग्रजी ऐकण्यासाठी मार्गदर्शक

पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतील ग्राहकांचे थकीत बिलांचे फोन घेण्याचे काम मी करत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका बाईंनी सांगितलेले मी ‘आय कॅन पे बाय मंडे’ असे ऐकले आणि ‘सोमवारपर्यंत भरणार’ अशी नोंद केली. मंगळवारी त्यांना आठवणीचा फोन गेला आणि त्या साहजिकच भडकल्या, कारण त्यांनी ‘कॅन्ट’ म्हटले होते. ध्वनिमुद्रण काढून मी चार वेळा ऐकले, तरी मला त्यात ‘ट’ सापडला नाही. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सीनिअर मॅडम म्हणाल्या, “‘ट’ शोधूच नकोस. ‘कॅ’ कसा म्हटलाय ते ऐक.” त्या एका वाक्याचा अर्थ पुरता कळायला मला काही महिने लागले. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हा लेख लिहिला आहे.

पुस्तकातले इंग्रजी चांगले येत असूनही फोनवरचे, चित्रपटातले किंवा परदेशी सहकाऱ्याचे इंग्रजी निसटते, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी तो आहे. शब्द अवघड असल्यामुळे असे होते असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा शब्द ओळखीचेच असतात आणि त्यांची टोके बदललेली असतात. हे बदल दोन प्रकारचे असतात. एखादा आवाज गळून जातो, त्याला लोप किंवा इलिजन म्हणतात. आणि एखादा आवाज शेजारच्या आवाजासारखा होतो, त्याला असिमिलेशन म्हणतात. ‘हँडबॅग’मध्ये दोन्ही घडतात: आधी ‘ड’ गळतो, मग ‘न’ आणि ‘ब’ शेजारी येतात आणि ‘न’चा ‘म’ होतो.

जवळ काय असावे

साधने थोडी आणि स्वस्त आहेत. कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आठ-दहा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येईल असे एखादे ॲप (संगणकावर ऑडॅसिटी मोफत मिळते), ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे अशी खऱ्या गप्पांची किंवा मुलाखतीची ध्वनिफीत, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. ध्वनिफीत इंग्रजी शिकवण्यासाठी मुद्दाम सावकाश वाचलेली नसावी, कारण ज्या गोष्टीचा सराव करायचा आहे तीच त्यातून काढून टाकलेली असते. एखादा उच्चारकोश हाताशी असेल तर उत्तम. काही उच्चारकोश मूळ उच्चारापुढे बाण काढून घाईतला उच्चारही देतात.

१. आधी स्वतःच्या तोंडाकडे पाहा

‘आंबा’, ‘कांदा’ आणि ‘शंकर’ हे तीन शब्द आरशासमोर म्हणा. तिन्ही ठिकाणी आपण एकच टिंब लिहितो, पण ‘आंबा’ म्हणताना ओठ मिटतात, ‘कांदा’ म्हणताना जीभ दातांना लागते आणि ‘शंकर’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो. पुढे येणाऱ्या व्यंजनाची जागा अनुस्वार आधीच घेतो. शाळेत आपण हा परसवर्णाचा नियम म्हणून शिकलो आणि विसरलो, पण तोंड तो विसरलेले नाही.

आता ‘टेन पाउंड्स’ हे आधी तोडून आणि मग एका दमात म्हणा. दुसऱ्या वेळी ‘प’च्या तयारीत ओठ लवकर मिटतात आणि ‘टेम्पाउंड्स’ ऐकू येते. ‘टेन कप्स’ म्हटले तर ‘शंकर’मधला अनुस्वार येतो आणि ‘टेङ्कप्स’ होते. आपण ‘पाचशे’ लिहितो आणि सर्रास ‘पाश्शे’ म्हणतो, हाही त्याच जातीचा प्रकार आहे. फरक लिपीचा आहे. संस्कृतने ‘सत्’ आणि ‘जन’ जोडल्यावर ‘सज्जन’ असे बदललेल्या रूपातच लिहिले. इंग्रजी मात्र शब्द सुटा असतानाचे स्पेलिंग सगळीकडे कायम ठेवते. त्यामुळे वाचून इंग्रजी शिकलेला माणूस जे कानावर येतच नाही त्याची वाट पाहत बसतो.

२. कोणते आवाज बदलतात ते पक्के करा

नवशिक्याला वाटते की घाईत इंग्रजीत काहीही कशाचेही होऊ शकते. तसे नाही. शब्दाच्या शेवटी असलेले ‘ट’, ‘ड’ आणि ‘न’ हे तीनच आवाज प्रामुख्याने आपली जागा सोडतात. पुढे ‘प’, ‘ब’ किंवा ‘म’ आला तर ते ओठांवर जातात आणि पुढे ‘क’ किंवा ‘ग’ आला तर घशाकडे जातात. ‘गुड बॉय’चे ‘गुब्बॉय’ होते, ‘दॅट कॅट’चे ‘दॅक्कॅट’ होते, ‘इन पॅरिस’चे ‘इम्पॅरिस’ होते.

उलट दिशेने हे घडत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. ‘म’ आपली जागा सोडत नाही: ‘सम डेट्स’चे ‘सन डेट्स’ होणार नाही आणि ‘कम क्विक्ली’तला ‘म’ तसाच राहील. म्हणून ‘प’, ‘ब’ किंवा ‘म’च्या आधी ‘म’ ऐकू आला तर मनात दोन शक्यता धराव्यात: शब्द मुळातच ‘म’ने संपणारा असेल किंवा ‘न’ने संपणारा असेल. स्वराच्या किंवा ‘ट’च्या आधी ‘म’ ऐकू आला, तर तो खराच ‘म’ आहे. तसेच ‘क’च्या आधी ‘रॅङ्’ ऐकू आले तर ते ‘रॅन’ किंवा ‘रँग’ यांपैकी काहीही असू शकते: ‘रॅङ् क्विक्ली’ म्हणजे कोणी पटकन पळाले की पटकन घंटा वाजली, हे मागचे वाक्यच सांगेल.

‘य’ने सुरू होणारा शब्द पुढे आला की वेगळे मिश्रण होते. ‘डिड यू’चे ‘डिजू’ होते, ‘डोन्ट यू’चे ‘डोन्चू’ होते, ‘धिस यिअर’मधल्या ‘स’चा ‘श’ होतो. हे प्रकार इतक्या वेळा कानावर पडतात की आठवडाभरात आपोआप अंगवळणी पडतात. त्यावर फार वेळ घालवू नका.

३. गळलेला ‘ट’ शोधू नका, पुढचा शब्द पाहा

‘ट’ आणि ‘ड’ दोन व्यंजनांच्या मध्ये सापडले की गळतात. ‘नेक्स्ट डे’ हे ‘नेक्स्डे’ होते, ‘मस्ट बी’ हे ‘मस्बी’ होते, ‘ओल्ड मॅन’ हे ‘ओल्मॅन’ होते. पुढे स्वर आला तर मात्र तेच ‘ट’ आणि ‘ड’ टिकतात आणि पुढच्या शब्दाला जोडले जातात: ‘नेक्स्ट ऑगस्ट’ हे ‘नेक्स्टॉगस्ट’ असेच ऐकू येईल.

इथे आपल्यासारख्यांची खरी पंचाईत होते, कारण इंग्रजीचा भूतकाळ याच ‘ट’ आणि ‘ड’वर उभा आहे. ‘वुई वॉक बॅक’ आणि ‘वुई वॉक्ड बॅक’ हे घाईत बोलताना सारखेच ऐकू येतात. अशा ठिकाणी कानावर जोर देऊन उपयोग नाही, कारण तिथे पुरावाच नसतो. पुरावा कुठे मिळतो हे माहीत असले की काम सोपे होते. क्रियापदापुढे स्वराने सुरू होणारा शब्द असेल, जसे ‘वॉक्ड इन’, तर ‘वॉक्टिन’ म्हणजे भूतकाळ आणि ‘वॉकिन’ म्हणजे वर्तमानकाळ, असा निकाल लागतो. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर आणखी एक सोय आहे: वर्तमानकाळात ‘वॉक्स’ व्हायला हवे होते, म्हणून ‘शी वॉक् बॅक’ असे ‘स’शिवाय ऐकू आले तर ते ‘वॉक्ड’च आहे. ही युक्ती मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने सांगितली नव्हती. या दोन्हींपैकी काहीच हाती नसेल, तर ‘यस्टर्डे’, ‘एव्हरी डे’ यांसारखा काळ दाखवणारा शब्द ऐका.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ‘ट’च्या आधी ‘न’ किंवा ‘ल’ असेल, जसे ‘सेंट बॅक’ किंवा ‘फेल्ट बॅड’, तर ‘ट’ सहसा पूर्ण गळत नाही. तो घशात अडकतो आणि क्षणभर आवाज थांबल्यासारखा वाटतो. त्यामुळे ‘सेंड बॅक’ आणि ‘सेंट बॅक’ यांत फरक ऐकू येतो. पहिल्यात ‘ड’ गळून ‘सेम्बॅक’ असे लांब, सलग वाहणारे बोलणे होते. दुसऱ्यात ‘सेम्’ आखूड पडतो आणि ‘बॅक’च्या आधी बारीकसा खंड जाणवतो. हा खंड आधीच माहीत नसेल तर त्याच्याकडे लक्षच जात नाही.

गळलेला आवाज बोलणाऱ्याने आळसाने टाकून दिलेला असतो, असाही एक समज आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील हॅस्किन्स लॅबोरेटरीजमधील कॅथरिन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन यांनी क्ष-किरणांनी जिभेची हालचाल टिपलेल्या नोंदी तपासल्या. ‘परफेक्ट मेमरी’ हे शब्द सलग बोलताना ‘ट’ ऐकू येत नव्हता, तरी जिभेचे टोक ‘ट’साठी वर जात होते, ‘क’ आणि ‘म’ यांच्या हालचालींखाली तो झाकला जात होता. म्हणजे बोलणाऱ्याच्या बाजूने शब्द कित्येकदा पूर्ण असतो. म्हणून “स्पष्ट बोला” असे सांगण्याआधी थोडे थांबावे. तो आपल्या परीने स्पष्टच बोलत असतो.

४. ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांचा निकाल स्वरावर लावा

माझी चूक जिथे झाली तिथे आता येऊ. आपण मराठी माणसे ‘आय कॅन पे’ म्हणताना ‘कॅन’ पूर्ण ठसक्यात म्हणतो. अमेरिकन माणूस तसे म्हणत नाही. होकारार्थी वाक्यात त्याचा ‘कॅन’ इतका दबतो की ‘आय क्न पे’ किंवा ‘प’च्या आधी ‘आय क्म पे’ एवढेच उरते आणि जोर ‘पे’वर पडतो. नकारार्थी ‘कॅन्ट’वर मात्र जोर असतो, स्वर पूर्ण ‘कॅ’ असतो, ‘न’ हा ‘म’कडे झुकतो आणि ‘ट’ घशात थांबतो: ‘आय कॅम् पे’.

यातला सापळा असा की ठसठशीत ‘कॅन’ कानावर पडला की आपल्या सवयीप्रमाणे आपण होकार समजतो, आणि तो नेमका नकार असतो. त्या बाई ‘कॅम् पे’ म्हणाल्या होत्या. माझ्या डोक्यातला होकार तसाच वाजत असल्यामुळे मी फसलो. तेव्हापासून मी एकच गोष्ट तपासतो: क्रियापदाआधीचा ‘कॅ’ भरीव आहे की मिटलेला? भरीव असेल तर नकार धरून चालावे आणि लगेच विचारून खात्री करून घ्यावी. फोनवर “सो यू आर नॉट एबल टु पे बाय मंडे, करेक्ट?” असे विचारायला तीन सेकंद लागतात. ‘कॅन’ हाच शब्द वापरून पुन्हा विचारले तर गोंधळ तसाच राहतो, म्हणून ‘एबल’ वापरावे.

या नियमालाही मर्यादा आहे. वाक्याच्या शेवटी किंवा ठासून सांगताना, जसे ‘येस, आय कॅन’, होकारार्थी ‘कॅन’ही भरीव होतो. ब्रिटिश माणसाबरोबर बोलताना ही अडचण बरीच कमी होते, कारण त्याचा नकार दीर्घ ‘आ’ने, म्हणजे ‘कान्ट’ असा होतो. ‘काम् पे’ ऐकले की शंका उरत नाही.

५. एक वाक्य उलगडून पाहा

समजा एका ब्रिटिश वक्त्याकडून तुम्हाला असे ऐकू आले: ‘शी-आस्टिम्-टु-हॅम्बॅक्-द-ग्रीम्बॅग्-लास्मंडे’. पहिल्यांदा ऐकताना यातले ‘मंडे’ आणि फार तर ‘बॅग’ एवढेच हाती लागते. आता मागून पुढे न जाता तुकड्या-तुकड्याने जाऊ.

‘आस्टिम्’मध्ये ‘ट’ स्पष्ट आहे, म्हणजे त्याच्या पुढे स्वर आहे. हा स्वर ‘हिम’चा आहे, कारण जोर नसलेल्या ‘हिम’, ‘हर’, ‘हिज’ यांचा ‘ह’ वाक्याच्या मध्ये बहुधा जातो. उरलेले ‘आस्ट’ म्हणजे ‘आस्क्ड’; या शब्दातला ‘क’ इतका सर्रास गळतो की हा शब्द सुटा पाठ करून ठेवावा. ‘ह’ गेल्यामुळे ‘ट’ला स्वराचा आधार मिळाला आणि तो वाचला, हे लक्षात घ्या.

‘हॅम्बॅक्’मध्ये ‘ब’च्या आधी ‘म’ आहे, म्हणजे दोन शक्यता. ‘हॅम’ हा खरा शब्द आहे, पण ‘टु’च्या पुढे क्रियापद हवे आणि ‘हॅम बॅक’ याला अर्थ नाही. मग ‘न’ धरून ‘हॅन’. असा शब्द नाही, म्हणून मध्ये काही गळले का ते पाहायचे, आणि ‘ड’ परत घातला की ‘हँड बॅक’ मिळते. ‘ग्रीम्’ असा दीर्घ ‘ई’चा शब्द इंग्रजीत नाही, त्यामुळे तिथे ‘ग्रीन’ लगेच सापडतो. ‘लास्’च्या पुढे ‘म’ आहे, म्हणजे मधला ‘ट’ गळायला मोकळी जागा होती, तो ‘लास्ट’. वाक्य झाले: ‘शी आस्क्ड हिम टु हँड बॅक द ग्रीन बॅग लास्ट मंडे’.

कागदावर हे फार लांबलचक वाटते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे कान हेच काम क्षणार्धात करतात, आणि तेही पुढचा आवाज पाहूनच करतात. त्यांना ‘लीम बेकन’ असे ऐकवले तर ते त्यातून ‘लीन’ उचलतात, कारण पुढे ‘ब’ आहे. ‘लीम गॅमन’ ऐकवले तर अडखळतात, कारण ‘ग’च्या आधी ‘न’चा ‘म’ होण्याचे कारणच नसते. म्हणजे सवय लावायची ती ‘हॅम्बॅग म्हणजे हँडबॅग’ अशी यादी पाठ करण्याची नव्हे, तर पुढचे व्यंजन ऐकून मागच्याचा अंदाज बांधण्याची.

६. सराव कसा करावा

रोज आठ-दहा सेकंदांचा एकच तुकडा घ्या. लिखित मजकूर आणि सबटायटल्स बंद ठेवा, कारण डोळ्यांनी ‘नेक्स्ट’ वाचले की नसलेला ‘ट’ही कानाला ऐकू येऊ लागतो. तुकडा पाच-सहा वेळा ऐका आणि जे ऐकू येते ते देवनागरीत लिहा. रोमन लिपीत लिहू नका; रोमन अक्षरे हाताला स्पेलिंगकडे ओढतात, तर देवनागरीत ‘ग्रीम्बॅग’ जसे ऐकले तसे लिहिता येते. मग लिखित मजकूर उघडा, त्याखाली आपली ओळ ठेवा आणि जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा: गळलेल्या आवाजाखाली रेघ, बदललेल्या आवाजाभोवती गोल. शेवटी मजकूर झाकून तोच तुकडा आणखी दोनदा ऐका. यात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात असेल तर तुकडा लांब घेतला आहे असे समजा.

ध्वनिफीत हळू करून ऐकण्याचा मोह सर्वांनाच होतो. पाऊणपट वेगाने ऐकायला हरकत नाही, शब्दांच्या सीमा त्यामुळे थोड्या सुटतात. पण गळलेला ‘ट’ कितीही हळू केला तरी परत येत नाही, आणि अर्ध्या वेगाला आवाज इतका बिघडतो की भलतेच काही ऐकू येऊ लागते. मी एक महिनाभर अर्ध्या वेगाने ऐकत होतो. त्यातून मला फक्त अर्ध्या वेगाचे इंग्रजी समजू लागले.

आयईएलटीएससारखी परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे ऐकण्याच्या भागात ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते, त्यामुळे उलगडण्याला वेळ मिळत नाही. रिकाम्या जागेत क्रियापद किंवा ‘ओल्ड-फॅशन्ड’सारखे विशेषण भरायचे असेल, तर शेवटचा ‘ड’ ऐकू आला की नाही यावर ठरवू नका. प्रश्नातल्या वाक्याचे व्याकरण काय मागते ते आधी वाचून ठेवा आणि तेच लिहा.

७. बोलताना काय करू नये

हे सगळे ऐकण्यासाठी आहे. मुद्दाम ‘हॅम्बॅग’ म्हणायला गेलात तर ते नाटकी वाटते. वेग वाढला की ते तोंडातून आपोआप येते. मात्र आपली एक सवय इंग्रजीत नेऊ नये. मराठीत आपण ‘एकदा’ला ‘एग्दा’ म्हणतो, म्हणजे पुढच्या घोष, म्हणजे घशात कंप होऊन उमटणाऱ्या, व्यंजनामुळे मागचा ‘क’ही घोष होतो. इंग्रजीत आवाजाची जागा बदलते, पण ‘क’चा ‘ग’ किंवा ‘प’चा ‘ब’ सहसा होत नाही. ‘ब्लॅकबोर्ड’चे ‘ब्लॅग्बोर्ड’ आणि ‘बॅक डोअर’चे ‘बॅग्डोअर’ केले, की समोरच्याला मागचा दरवाजा सोडून पिशवी ऐकू येते आणि आपल्या ‘कॅन्ट’चा जो गोंधळ झाला होता तोच त्याच्या बाजूने होतो. ‘हॅव टु’चे ‘हॅफ्टा’ होते, तिथे उलट घोष आवाज अघोष होतो. असे ठरावीक अपवाद ऐकून जसे येतील तसे घ्यावेत.